फोटोच्या पाठीवरचा मजकूर : जसा लिहिला तसा

व्यापारी घराण्यांत रोजकीर्द आणि खातेवही यांतील फरक कोणाला समजावून सांगावा लागत नाही. दिवसभरात जे घडले ते घडले त्या क्रमाने कीर्दीत उतरते. मग त्यातून एकेका नावाची, एकेका बाबीची खतावणी होते. कीर्द लिहिताना मुनीम आपले मत घालत नाही. नोंद चुकली तरी तो खाडाखोड करत नाही. उलट नोंद टाकून ती दुरुस्त करतो, म्हणजे मूळ काय लिहिले होते आणि नंतर काय बदलले, हे दोन्ही पुढच्या माणसाला दिसते.

जुन्या कौटुंबिक फोटोच्या पाठीवर शाईने किंवा पेन्सिलीने लिहिलेला मजकूर उतरवून घेण्याचे काम याच शिस्तीने करावे लागते. पाठीवरच्या शब्दांची नक्कल ही कीर्द होय. त्या शब्दांवरून काढलेली इंग्रजी तारीख, लावलेली नाती आणि पटवलेली माणसे ही खतावणी होय. बहुतेक घरांत ही दोन कामे एकाच बैठकीत आणि एकाच ओळीत होतात. पाठीवर ‘कार्तीक’ असेल तर उतरवणारा ‘कार्तिक’ लिहितो, ‘काकी’ असेल तेथे ‘आजी’ लिहितो आणि तिथी सोडून केवळ साल टिपतो. त्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु फोटो पुढे हरवला, शाई उडाली किंवा वाटणीत मूळ प्रत दुसऱ्या शहरी गेली, की मागे राहते ती त्याची समजूत. मूळ लिहिणाऱ्याची साक्ष राहत नाही.

आधी फोटो, मग अक्षरे

उतरवण्यापूर्वी फोटोची स्थिती पाहावी. टेबलावर स्वच्छ, कोरडे सुती कापड अंथरून फोटो त्यावर पालथा ठेवावा. चित्राच्या बाजूला बोटे लावू नयेत. फोटो काळ्या पानांच्या अल्बममध्ये खळीने चिकटवलेला असेल, तर तो ओढून काढू नये. कागदाचा वरचा पापुद्रा पानालाच चिकटून राहतो आणि ज्या अक्षरांसाठी खटपट केली तीच जातात. अशा वेळी जेवढे दिसते तेवढेच उतरवावे आणि उरलेला भाग झाकलेला असल्याचे नोंदवावे. फोटो चौकटीत असून काचेला चिकटला असेल, तर तोही ओढू नये.

ओल्या बोळ्याने पाठ पुसण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. पूर्वी दुकानांत आणि कचेऱ्यांत कॉपिंग पेन्सिल सर्रास वापरात होती. तिचे अक्षर कोरडे असताना साध्या शिसपेन्सिलीसारखे करडे दिसते, पण ओल लागताच तिच्यातील रंग विरघळून जांभळा डाग पसरतो. दौतीच्या शाईचीही गत फारशी वेगळी नसते. धूळ काढायची असल्यास मऊ, कोरड्या कुंचल्याने मजकुराच्या बाहेरची तेवढी झटकावी.

फिकट अक्षरांवर सरळ वरून प्रकाश पाडला, तर ती आणखी पुसट वाटतात. खोली थोडी अंधारी करून विजेरी कागदाच्या जवळजवळ सपाटीला धरावी आणि हळूहळू चारही दिशांनी फिरवावी. पेन्सिलीच्या टोकाने कागदावर पडलेला दाब सावलीने उठून दिसतो. काळेपणा उडालेला असला, तरी दाबावरून अक्षर लागते. फिकट झालेले अक्षर पुन्हा गिरवणे मात्र सर्वथा वर्ज्य समजावे. गिरवणारा जे वाचतो तेच गिरवतो, आणि त्याचे वाचन चुकले असेल तर ते तपासण्याचे साधनच उरत नाही.

यानंतर मोबाइलवर आधी पुढच्या बाजूचे आणि लगेच पाठीचे असे दोन फोटो घ्यावेत. दोघांना एकच क्रमांक द्यावा, जसे ‘१४ पुढे’ आणि ‘१४ मागे’. वीस-पंचवीस फोटोंच्या पुढच्या बाजू आधी टिपून मग सगळ्यांच्या पाठी टिपल्या, तर कोणती पाठ कोणाची याचा मेळ बसत नाही.

एक नमुना

पुढील मजकूर नमुन्यासाठी रचलेला आहे. त्यातील माणसे कोणत्याही विशिष्ट घराण्यातील नाहीत. त्यातील अडचणी मात्र जुन्या फोटोंवर नित्य आढळणाऱ्या आहेत, आणि तिथी, वार व साल यांचा हिशेब खरा आहे. राजस्थानातून येऊन नगर जिल्ह्यातील एखाद्या बाजारपेठेच्या गावी स्थिरावलेल्या ओसवाल कुटुंबाचा हा फोटो आहे, असे समजावे. गादी, वह्यांचा ढीग आणि समई दिसते. मागे चौघे उभे आहेत, पुढे दोन खुर्च्या आहेत, आणि एका खुर्चीवरील स्त्रीच्या मांडीवर मूल आहे. पाठीवरच्या मजकुराची नक्कल अशी होईल :

[काळी शाई]
दुकानांत वहीपुजन
मिती कार्तीक वदी ३० वार बुध सं. २००४
उभे डावीकडून चि. मोती, चि. धनु,
जवाई पुनमचंद
खुर्चीवर [येथे निळ्या शाईत, दोन शब्दांच्या फटीत बसवलेले :] कै. [पुन्हा काळी शाई] अण्णा व सौ. काकी
मांडीवर बेबी
[खालच्या कोपऱ्यात फिकट पेन्सिलीने :] ३ [पुढे एक अक्षर, वाचता येत नाही]

या नकलेत पाळलेले नियम मोजकेच आहेत. मूळची ओळ जेथे संपते तेथेच नकलेची ओळ संपते. चौकोनी कंसात जे आहे ते सर्व नक्कल करणाऱ्याचे, आणि कंसाबाहेरचे प्रत्येक चिन्ह मूळ लिहिणाऱ्याचे. मूळ मजकुरात कधी गोल कंस येतात, म्हणून आपल्या शब्दांसाठी चौकोनी कंस राखून ठेवलेले बरे. अक्षर वाचता आले नाही, तर तेथे जागा आहे हे सांगावे. अंदाजाने भरू नये. संशयित अक्षरापुढे चौकोनी कंसात प्रश्नचिन्ह घालावे. ‘सं.’चे ‘संवत’ करू नये, ‘चि.’चे ‘चिरंजीव’ करू नये आणि देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांत बदलू नयेत.

‘कार्तीक’, ‘पुजन’ आणि ‘पुनमचंद’ ही रूपे आजच्या शुद्धलेखनाला धरून नाहीत. तरीही ती तशीच ठेवायची, कारण त्यांतून लिहिणाऱ्याची ओळख पटते. मोडी लिपीत ऱ्हस्व आणि दीर्घ इकार-उकारांचा भेद पाळला जात नाही. मोडीत हात बसलेला माणूस बालबोधीत लिहू लागला, की ही सवय बरोबर येते. ‘दुकानांत’ यातील अनुस्वारही असाच बोलका आहे. मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ साली आले आणि सप्तमीच्या एकवचनावरील असा अनुस्वार पुढे लिहिण्यातून गेला. जुन्या वळणाची माणसे तो नंतरही देत राहिली, म्हणून केवळ त्यावरून साल ठरत नाही. पण लिहिणाऱ्याचे शिक्षण कोणत्या काळातले, याचा अंदाज येतो. घरात त्याच हाताची पत्रे किंवा वही सापडली, तर हीच रूपे ताडून मजकूर कोणी लिहिला हे कळू शकते.

मजकूरच मोडीत किंवा महाजनीत असेल, तर काम दोन पायऱ्यांत करावे. महाजनीत स्वरांच्या मात्रा बहुधा गाळल्या जातात. ‘काकाजी अजमेर गया’ हा निरोप ‘काकाजी आज मर गया’ असा वाचला गेला आणि घरात रडारड झाली, ही गोष्ट मारवाडी पेढ्यांवर पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. विनोद बाजूला ठेवला तरी तिच्यातला धोका खरा आहे. म्हणून आधी मूळ अक्षरांचे स्पष्ट चित्र जपावे आणि जाणकाराकडून वाचून घेतलेला मजकूर त्याखाली वेगळा लिहावा. मात्रा वाचणाऱ्याने घातल्या आहेत, हेही तेथे सांगावे.

तारखेची खतावणी

आता दुसऱ्या ओळीकडे वळू. ‘मिती कार्तीक वदी ३० वार बुध सं. २००४’ एवढ्या शब्दांवरून इंग्रजी तारीख काढायची आहे. तीस म्हणजे अमावास्या. मराठी पंचांग हाती घेऊन पाहणारा सरळ कार्तिक महिन्याची अमावास्या शोधील आणि १२ डिसेंबर १९४७ या तारखेवर येईल. विक्रम संवत २००४ मध्ये तो दिवस बसतोही. तरीही हे उत्तर चूक आहे.

महाराष्ट्रात आणि गुजरातेत महिना अमावास्येला संपतो. राजस्थानात आणि उत्तरेकडे तो पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्षाचे नाव दोन्हीकडे एकच असते, पण वद्य पक्षात महिन्याचे नाव एकाने पुढे जाते. मराठी आश्विन वद्य म्हणजेच राजस्थानी कार्तिक वदी. म्हणून राजस्थानी गणनेतील ‘कार्तिक वदी ३०’ ही आपली आश्विन अमावास्या, म्हणजे लक्ष्मीपूजनाचा दिवस होय. पहिल्या ओळीत वहीपूजन का आहे, याचाही उलगडा होतो. ‘वद्य’ न लिहिता ‘वदी’ लिहिले आहे, हीदेखील एक खूण आहे. मात्र तेवढ्यावर निकाल देऊ नये, कारण मराठी मुलखात दोन पिढ्या काढलेल्या घरांत शब्द एकीकडचे आणि गणना दुसरीकडची असे घडते.

दुसरा प्रश्न सालाचा. राजस्थानात सर्वसाधारणपणे विक्रम संवत चैत्रात बदलतो, तर गुजराती रिवाजाने तो दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलतो. त्यामुळे चैत्रापासून दिवाळीपर्यंत या दोन गणनांत एका वर्षाचे अंतर राहते. चैत्री गणनेने संवत २००४ मधील दिवाळी १९४७ सालची ठरते, तर कार्तिकी गणनेने त्याच संवताची दिवाळी वर्षाच्या अखेरीस, म्हणजे १९४८ साली येते. पेढीचे हिशेबी वर्ष दिवाळीपासून धरणाऱ्या घराने कोणती गणना लिहिली असेल, हे नुसत्या ‘२००४’वरून सांगता येत नाही.

म्हणजे तीन तारखांचा वाद आहे : १९४७ची दिवाळी, त्यानंतर महिन्याने येणारी १२ डिसेंबरची अमावास्या आणि १९४८ची दिवाळी. निर्णय कोण देणार? नक्कल करणारे पुष्कळदा बिनकामाचा समजून जो शब्द गाळतात, तो ‘वार बुध’. १९४७ची दिवाळी १२ नोव्हेंबरला आली. त्या दिवशीचा वार कागदावरही काढता येतो. १५ ऑगस्ट १९४७ हा शुक्रवार होता. तेथून ऑगस्टचे १६, सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे ३१ आणि नोव्हेंबरचे १२ असे ८९ दिवस होतात. ८९ दिवस म्हणजे बारा आठवडे आणि वर पाच दिवस. शुक्रवारच्या पुढे पाच दिवस मोजले की बुधवार येतो. याच हिशेबाने १२ डिसेंबर शुक्रवारी पडतो. १९४८ची दिवाळी ऑक्टोबर सरताना आणि नोव्हेंबर लागताना, रविवार-सोमवारच्या जोडावर आली होती. बुधवार एकाच तारखेला मिळतो.

म्हणून फोटोतील वहीपूजन बुधवार, १२ नोव्हेंबर १९४७ चे, स्वतंत्र भारतातील पहिल्या दिवाळीचे आहे. गांधीजींनी दिल्लीहून रेडिओवरून कुरुक्षेत्राच्या छावणीतील निर्वासितांना उद्देशून भाषण केले, तो हाच दिवस. कोणी ‘वार बुध’ गाळून आणि ‘कार्तिक वद्य’ असे मराठी रूप देऊन मजकूर उतरवला असता, तर हा फोटो कायमचा डिसेंबरात जाऊन बसला असता, आणि त्या महिन्यात वहीपूजन कशासाठी, याचे उत्तर कोणालाच देता आले नसते.

हाच दिवस गुजराती जैन कुटुंबाच्या फोटोवर ‘आसो वद ०)) सं. २००३’ असा लिहिलेला आढळेल. तेथे अमावास्येची खूणही निराळी असते. मराठी घरात तो ‘आश्विन वद्य ३० शके १८६९’ असा येईल. वीर निर्वाण संवत लिहिणाऱ्यासाठी ती २४७३ सालची शेवटची तिथी होती, कारण २४७४ हे साल दुसऱ्या दिवशी लागले. एकाच दिवसाची ही चार रूपे आहेत आणि चारही बरोबर आहेत. वीर संवतावरून इसवी सन काढताना दिवाळीपर्यंत ५२६ आणि दिवाळीनंतर डिसेंबरअखेरपर्यंत ५२७ वजा करावे लागतात, एवढे लक्षात असावे. मात्र ही वजाबाकी नकलेत करू नये. तिची जागा खतावणीत आहे.

नावांची खतावणी

नावे पटवताना आधी माणसे मोजावीत. नमुन्यात उभी माणसे चार आहेत आणि नावे तीन. म्हणजे एकाचे नाव लिहिलेले नाही. तो दुकानाचा मुनीम असेल, शेजारी असेल किंवा ऐन वेळी येऊन उभा राहिलेला पाहुणा असेल. अमुक नाव राहून गेले असणार, असे म्हणून ते नकलेत भरणे म्हणजे कीर्दीत बनावट नोंद करणे होय. शिवाय चौघांपैकी अनाम कोण, हेही ठरवावे लागते. ‘डावीकडून’ म्हणजे सामान्यतः पाहणाऱ्याच्या डावीकडून; परंतु काही लिहिणारे फोटोतील माणसाची डावी बाजू धरतात. ज्याच्याविषयी शंका नाही अशा एका माणसावरून ताळा पाहावा. जावयाचा चेहरा दुसऱ्या फोटोवरून ठाऊक असेल, तर तो कोणत्या बाजूने तिसरा येतो ते पाहिले की दिशा कळते. काचेची किंवा फिल्मची निगेटिव्ह उलटी ठेवून फोटो छापला गेला का, हेही तपासावे. मागच्या पाटीवरील अक्षरे उलटी दिसणे, सदऱ्या-कोटाची बटणपट्टी भलत्या बाजूस येणे, ही त्याची लक्षणे.

‘काकी’ हे नाव नव्हे, नाते आहे. आणि नाते नेहमी लिहिणाऱ्याकडून मोजले जाते. नक्कल करणाऱ्याची ती आजी असेल, पण लिहिणाऱ्याची काकी होती. ‘काकी’ पुसून ‘आजी’ लिहिले, की मजकूर कोणाच्या हातचा हे शोधण्याची किल्ली हरवते. त्यातही एक मेख आहे. एकत्र कुटुंबात थोरली पुतणी-पुतणे ज्या नावाने हाक मारतात, तीच हाक पोटची मुलेही उचलतात, आणि आईलाच ‘काकी’ किंवा ‘वहिनी’ म्हणू लागतात. म्हणून लिहिणारा पुतण्याच असला पाहिजे, असे नुसत्या शब्दावरून म्हणता येणार नाही. ‘अण्णा’ हेही घरगुती नाव आहे. वहीतले नाव निराळे असणार. ते खतावणीत द्यावे आणि कोणी सांगितले तेही द्यावे.

नावाआधीची छोटी अक्षरे सर्वांत अधिक सांगतात. ‘सौ.’ म्हणजे लिहिताना पती हयात होते. पती नसते तर ‘गं. भा.’ आले असते. ‘कै.’ म्हणजे ते अक्षर लिहिताना ती व्यक्ती हयात नव्हती. नमुन्यात अण्णांच्या मागे ‘कै.’ आहे आणि शेजारी बसलेल्या काकींच्या मागे ‘सौ.’ आहे. घरातील वडीलधारी मंडळी काकी या अण्णांच्याच पत्नी असे सांगत असतील, तर दोन्ही शब्द एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. नीटनेटकेपणाची आवड असलेला माणूस येथे थांबेल आणि ‘सौ.’ चुकले असे समजून तेथे ‘गं. भा.’ लिहील.

परंतु शाईकडे पाहिले की कोडे सुटते. ‘कै.’ निळ्या शाईत आहे आणि दोन शब्दांच्या फटीत बसवले आहे. मूळचा काळ्या शाईतील मजकूर अण्णांच्या हयातीतला आहे, तेव्हा ‘सौ.’ बरोबरच होते. अण्णा गेल्यावर कोणीतरी हा फोटो पुन्हा हाती घेतला, निळ्या शाईने ‘कै.’ जोडले आणि काकींच्या नावाला हात लावला नाही. त्याचे लक्ष गेले नाही, की ते अक्षर बदलण्यास मन धजले नाही, हे कागद सांगत नाही. दोन वेगळ्या वेळी या पाठीवर लिहिले गेले, एवढे मात्र तो निश्चित सांगतो. शाईच्या रंगाची चार शब्दांची नोंद चौकोनी कंसात नसती, तर हा उलगडा झाला नसता.

आता खतावणी अशी होईल : ‘बुधवार, १२ नोव्हेंबर १९४७, राजस्थानी महिना व चैत्री संवत धरून, वार जुळतो. उभ्या चौघांपैकी एकाचे नाव नाही. अण्णा व काकी हे पती-पत्नी, घरातील ज्येष्ठांच्या सांगण्यावरून. मूळ मजकूर अण्णांच्या हयातीत, “कै.” नंतरचे. बेबी कोण ते ठरलेले नाही. कोपऱ्यातील ३ हा आकडा बहुधा प्रतींचा; खात्री नाही.’ त्याखाली खतावणी करणाऱ्याचे नाव आणि दिनांक असावा. सांगणाऱ्याचे नावही असावे, कारण दोन ज्येष्ठांच्या आठवणी वेगळ्या निघाल्या, तर दोन्ही नोंदवाव्या लागतात.

ताळा आणि जतन

नक्कल पुरी झाली की ती दोघांनी मिळून ताडावी. एकाने मूळ मजकूर अक्षर-अक्षर मोठ्याने वाचावा, कानामात्रा आणि अनुस्वार उच्चारून सांगावेत. दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून जावे. नंतर एकट्याने शेवटच्या शब्दाकडून पहिल्या शब्दाकडे उलटे वाचावे. सरळ वाचताना मन पुढचा शब्द स्वतःच पुरवते आणि डोळ्यांसमोरचा ‘पुजन’ त्याला ‘पूजन’ दिसतो. उलट वाचताना प्रत्येक शब्द एकटा येतो. आकडे स्वतंत्रपणे पाहावेत. हाताने लिहिलेल्या १ आणि ९ यांत गफलत होते, आणि तेथे नुसता अंदाज न बांधता त्याच हातचा दुसरा निःसंशय आकडा शोधून ताडावा. मोबाइलवर टंकत असाल, तर कळफलकाची आपोआप शब्द सुधारण्याची सोय आधी बंद करावी. ती न विचारता ‘कार्तीक’चे ‘कार्तिक’ करते.

मूळ फोटोच्या पाठीवर नवे काही लिहू नये. बॉलपेनच्या दाबाने पुढच्या बाजूस, चेहऱ्यांवरच, वळ उमटतात. लिहिणे अगदी भागच असेल, तर कडेला मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने केवळ क्रमांक घालावा. फोटो लॅमिनेट करू नये आणि फाटला असला तरी चिकटपट्टी लावू नये. तिचा गोंद वर्षांनी पिवळा पडून कागदात मुरतो. साध्या, गुळगुळीत कागदी पाकिटात फोटो ठेवावा आणि पाकिटावरचा मजकूर फोटो आत घालण्यापूर्वीच लिहावा.

नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना पुढची बाजू, पाठ आणि टंकलेली नक्कल अशी तिन्ही एकत्र पाठवावीत. फोटोच्या फाइलमध्ये भरून ठेवलेली माहिती अशा पाठवणीत बहुधा गळून पडते आणि चित्राचा दर्जाही उतरतो. म्हणून मूळ फाइल निराळी जपावी आणि नक्कल कागदी नोंदवहीतही उतरवावी. नोंदवहीत एका फोटोला समोरासमोरची दोन पाने द्यावीत. डाव्या पानावर नक्कल, उजव्या पानावर खतावणी.

कोपऱ्यातील ३ हा आकडा प्रतींचाच असेल, तर याच फोटोच्या आणखी प्रती जावयाच्या किंवा धाकट्या भावाच्या घरी असू शकतात. त्यांपैकी एखादीच्या पाठीवर चौथ्याचे किंवा बेबीचे नाव निघेल. तसे झाल्यास उजव्या पानावर नवी ओळ आणि नवा दिनांक घालावा. जुनी ओळ खोडू नये. डाव्या पानाला हात लावण्याचे कारण कधीच पडत नाही.